निळ्या पत्रकावरची ‘शुगरमुक्ती’

भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या विहारातल्या एका मावशींच्या हातात एक पत्रक पडले. कागद निळा, वर बाबासाहेबांचे चित्र, त्याखाली ‘जयभीम’ आणि मग ठळक अक्षरांत: ‘मधुमेह मुळापासून बरा! गोळ्या आणि इन्सुलिनपासून कायमची मुक्ती!’ खाली पांढरा कोट घातलेल्या एका माणसाचा फोटो, दोन आकडे, तिघांचे अनुभव आणि किंमत. मिरवणुकीच्या वाटेवरच त्यांचा ‘मोफत शुगर तपासणी’चा मंडपही होता.

मावशींना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. रोज दोन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. मंडपात बोटातून रक्त काढले, मशीनवर २३४ आकडा आला. “ताई, गोळ्या खाऊन नऊ वर्षे झाली, मग हे काय?” असे तिथल्या मुलाने विचारले आणि मावशींनी तीन महिन्यांचे चूर्ण घेतले. गोळ्या बंद केल्या. जूनअखेर नवी चप्पल पायाच्या बोटाला लागली. जखम दुखत नव्हती, म्हणून त्यांनी लक्ष दिले नाही. ऑगस्टमध्ये त्यांना दवाखान्यात न्यावे लागले आणि एक बोट काढावे लागले.

नंतर एका रविवारी वंदना झाल्यावर आम्ही ते पत्रक विहारात मधोमध ठेवले आणि ओळ न् ओळ वाचले. बसलेल्यांत चार जणांना मधुमेह होता आणि एक ताई नर्स होत्या. पत्रकात काय लिहिले आहे हे सगळ्यांना दिसत होते. आम्हाला शोधायचे होते ते त्यात न लिहिलेले. तेच इथे मांडत आहोत. पत्रक काढणाऱ्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी पत्रके एकाच माणसाची नसतात.

पहिला प्रश्न: बोलतोय कोण?

पत्रकाची सर्वांत मोठी युक्ती औषधाबद्दल नाहीच. ती रंगात आणि चित्रात आहे. निळा कागद, बाबासाहेब, ‘जयभीम’, आणि तळाशी ‘जयंतीनिमित्त आपल्या समाजासाठी खास सवलत’. हे पाहिल्यावर आपण गिऱ्हाईक राहत नाही, आपल्या माणसाशी बोलत आहोत असे वाटते. आपल्या माणसाला उलट प्रश्न विचारायला संकोच वाटतो. बाबासाहेबांचे चित्र असलेला कागद खोटे बोलत असेल, असा विचार करणेही जड जाते.

म्हणून पहिल्यांदा चित्र आणि मजकूर वेगळे करायचे. चित्र झाकून उरलेला मजकूर वाचायचा. आम्ही हाताने वरचा भाग झाकला तेव्हा उरले ते एवढेच: एका चूर्णाचे नाव, एक मोबाइल नंबर आणि किंमत. चूर्ण कुठे बनते, कोण बनवतो, कोणत्या डॉक्टरने सांगितले, यांपैकी काही नाही. पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या फोटोखाली ‘तज्ज्ञ’ एवढाच शब्द. नाव नाही, पदवी नाही, नोंदणी क्रमांक नाही. डॉक्टर ॲलोपॅथीचा असो वा आयुर्वेदाचा, त्याची परिषदेकडे नोंदणी असते आणि तिला क्रमांक असतो. कोट कुणीही घालू शकतो.

आणखी एक गोष्ट त्या चित्राखाली सांगितलेली नव्हती. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता. १९४०च्या दशकाच्या अखेरीस, संविधानाचे काम चालू असताना, ते इन्सुलिन घेत होते. उपचारासाठी मुंबईला आले असतानाच त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी भेट झाली. त्याच आपल्या माईसाहेब, आणि त्या डॉक्टर होत्या. ज्यांनी इन्सुलिन घेऊन काम केले त्यांच्या चित्राखाली ‘इन्सुलिनपासून मुक्ती’ छापलेली होती.

दुसरा प्रश्न: आकडा कोणत्या वेळेचा?

पत्रकावर दोन आकडे होते: ‘आधी ३१२, नंतर १२८, फक्त २१ दिवसांत!’ आकडा दिसला की पुरावा मिळाल्यासारखे वाटते. पण रक्तातली साखर ही उंचीसारखी स्थिर नसते. सकाळी उपाशीपोटी ती एक असते, जेवल्यावर दीड-दोन तासांनी दुसरी. मधुमेह असलेल्या माणसाची साखर एकाच दिवशी सकाळी १४० आणि दुपारी २६० असू शकते. मग ३१२ हा जेवणानंतरचा आणि १२८ हा उपाशीपोटीचा असेल तर? दोन्ही आकडे खरे असतील आणि तरी सुधारणा काहीच झालेली नसेल. पत्रकावर ‘उपाशीपोटी’ किंवा ‘जेवणानंतर’ हा शब्द कुठेच नव्हता.

मावशींचा २३४ हाही असाच आकडा. तपासणी झाली दुपारी साडेतीनला. त्याआधी त्या जेवल्या होत्या, वाटेत सरबत प्यायल्या होत्या आणि एका मंडळाची खीर हाताने खाल्ली होती. हात नीट धुतलेले नव्हते. बोटावर गोड राहिले तर मशीन तेही मोजते आणि आकडा खोटाच वर जातो. नर्स ताईंनी विचारले, “रक्त काढण्याआधी साबणाने हात धुवायला सांगितले होते का?” मावशी म्हणाल्या, “नाही, कापसाने पुसले फक्त.” त्या आकड्यावरून त्यांच्या गोळ्या निकामी आहेत असे ठरवता येत नव्हते. पण त्या आकड्याने भीती घातली, आणि भीती बसली की हातातली वस्तू विकायला सोपी जाते.

मधुमेह आटोक्यात आहे की नाही हे पाहायची खरी तपासणी ‘एचबीएवनसी’ ही आहे. ती गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. बहुतेक रुग्णांसाठी डॉक्टर ती ७ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. वय आणि इतर आजार पाहून हा आकडा बदलतो. काल गोड खाल्ले किंवा आज उपास केला तर ती फारशी हलत नाही, म्हणून ती फसवायला अवघड. त्यामुळेच ‘२१ दिवसांत’ म्हणणाऱ्या पत्रकावर ती नव्हती. मावशींची ही तपासणी मार्चमध्ये ७.६ आली होती. उत्तम नव्हे, पण फार वाईटही नव्हे. चूर्णाचे तीन महिने संपल्यावर, दवाखान्यात, ती ११.२ निघाली.

तिसरा प्रश्न: त्याच काळात आणखी काय चालू होते?

चूर्णाच्या डब्यात एक पथ्याचा कागदही होता. साखर, गूळ, बटाटा, मैदा बंद. भात अर्धी वाटी. रोज पाऊण तास चालणे. रात्री आठच्या आत जेवण. यात वावगे काहीच नाही. कोणताही डॉक्टर साधारण हेच सांगतो आणि हे नीट पाळले तर बऱ्याच लोकांची साखर काही आठवड्यांत उतरते. मग उतरलेल्या साखरेचे श्रेय चूर्णाला द्यायचे की चालण्याला? पत्रक श्रेय चूर्णाला देते, कारण चालणे विकता येत नाही.

दुसरी गोष्ट अशी की माणूस नवे औषध घेतो तेव्हा बहुधा त्याची साखर सर्वांत वाईट असते. लग्नसराई, सणवार, आजारपण, गोळ्या चुकणे, अशा काळात आकडा वर जातो, घाबरून माणूस उपाय शोधतो, आणि तो काळ संपला की आकडा थोडा आपोआपच खाली येतो. त्या वेळी हातात जे असेल त्यालाच गुण आला असे वाटते.

तिसरी शक्यता आमच्यातल्या एका भाऊंनी सांगितली. पत्रकावर अनुभव सांगणाऱ्यांपैकी एक त्यांच्या ओळखीचा निघाला. तो चूर्ण घेत होता हे खरे, पण गोळ्याही घेत होता. पत्रकाने तेवढेच वगळले होते.

चौथा प्रश्न: ज्यांना गुण आला नाही ते कुठे आहेत?

तिघांचे अनुभव छापले होते. तिघेही खरे आहेत असे क्षणभर धरू. चूर्ण किती जणांनी घेतले? तीनशे जणांनी घेतले असेल तर उरलेल्या दोनशे सत्त्याण्णवांचे काय झाले? ज्यांचे बोट गेले त्यांचा फोटो पत्रकावर येत नाही. आमच्या मावशींचाही येणार नाही.

औषधाची खरी परीक्षा याच्या उलट असते. आधी माणसे ठरवतात, सगळ्यांची नावे नोंदवतात, निम्म्यांना औषध देतात, निम्म्यांना चालू उपचार देतात, आणि शेवटी सगळ्यांचे निकाल मोजतात. बिघडलेल्यांचेही. अनुभव सांगणारा माणूस खोटा असेलच असे नाही. तो फक्त एकटा असतो, आणि त्याला निवडलेले असते.

कालाम सुत्तात केसपुत्तच्या लोकांनी तथागतांना हीच अडचण सांगितली होती: येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग विश्वास कोणावर ठेवायचा? लोक म्हणतात म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा आदरणीय दिसतो म्हणून मानू नका, हिताचे आहे का ते स्वतः पारखून घ्या, असा त्या उपदेशाचा आशय आहे. पत्रकातल्या तिन्ही अनुभवांना आणि पांढऱ्या कोटाला हाच निकष लागतो.

पाचवा प्रश्न: डबा स्वतःला काय म्हणतो?

पत्रक वाचून झाल्यावर आम्ही चूर्णाचा रिकामा डबा मागवला आणि भिंग लावून वाचला. इथे सर्वांना धक्का बसला. पत्रकावर ‘मधुमेह मुळापासून बरा’ होते, डब्यावर तसे एक अक्षरही नव्हते. तिथे चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक होता आणि बारीक अक्षरांत ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असे छापलेले होते. म्हणजे हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. डबा स्वतःला अन्नपूरक म्हणवतो आणि पत्रक त्यालाच औषध म्हणते. पत्रक हरवते, फेकले जाते. तक्रार झाली तर विक्रेता डबा पुढे करतो.

हे ओळखणे सोपे आहे. चौदा अंकी क्रमांक एफएसएसएआयचा असतो, म्हणजे सरकारच्या दृष्टीने ती खाण्याची वस्तू आहे. खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो असे म्हणायला परवानगी नाही. आयुर्वेदिक औषधावर औषधनिर्मितीचा वेगळा परवाना क्रमांक असतो. पण तोही बनवण्याचा परवाना आहे. पत्रकावरच्या प्रत्येक दाव्याची त्याने हमी दिली असे होत नाही. ‘आयएसओ’ आणि ‘जीएमपी’ ही अक्षरेही पत्रकावर गोल शिक्क्यांत होती. कारखाना ठरलेल्या पद्धतीने काम करतो एवढेच ती सांगतात. साखर उतरते की नाही याच्याशी त्यांचा संबंध नाही.

‘१०० टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम शून्य’ हेही वाक्य होते. धोतराही नैसर्गिकच आहे. आत काय आहे आणि किती आहे, हा खरा प्रश्न. डब्यावर बारा वनस्पतींची नावे होती, प्रमाण एकाचेही नव्हते. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादने तपासली. त्यांतल्या सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. त्यापलीकडे, ‘वनस्पती’ म्हणून विकलेल्या मधुमेहाच्या चूर्णांत साखर उतरवणाऱ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून मिसळल्याची प्रकरणेही अनेक देशांत उघडकीस आली आहेत. असे चूर्ण खरोखर गुण देते, आणि तोच धोका असतो, कारण किती गोळी पोटात जाते हे कोणालाच ठाऊक नसते. चूर्ण सुरू करताच साखर झपाट्याने उतरली, घाम फुटला, हात थरथरले, एकदम भूक लागली, बोलणे असंबद्ध झाले, तर चूर्ण गुणकारी म्हणून आनंद मानू नका. शुद्ध असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या आणि दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका.

सहावा प्रश्न: गोळी बंद करा म्हणणारा जबाबदारी घेतो का?

पत्रकाच्या तळाशी, किंमत आणि नंबर यांच्या मध्ये, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: ‘चालू औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बदलावीत. परिणाम व्यक्तीनुसार वेगळे असू शकतात.’ वर मुक्ती, खाली सुटका. मुक्ती वाचकासाठी आणि सुटका विक्रेत्यासाठी. मावशींना ती ओळ चष्म्यानेही दिसली नव्हती. मंडपातल्या मुलाने तोंडी “आता गोळ्यांची गरज नाही” असे सांगितले होते, आणि तोंडी सांगितलेले कागदावर येत नाही. म्हणून अशा वेळी एकच म्हणायचे: “हेच मला लिहून द्या आणि खाली सही करा.” आमच्या माहितीत अजून कोणी दिलेली नाही.

नुकसान कसे होते तेही समजून घेऊ. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात गोळ्या बंद केल्यावर लगेच काही होत नाही. माणसाला उलट बरे वाटते, कारण गोळ्यांमुळे होणारी पोटाची तक्रार थांबते. साखर गुपचूप वाढत राहते. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांच्या पायाची संवेदना आधीच कमी झालेली असते, म्हणून जखम कळत नाही, आणि वाढलेल्या साखरेत ती भरत नाही. मावशींचे हेच झाले. लहान मुलांत आणि तरुणांत आढळणाऱ्या पहिल्या प्रकारात मात्र शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही. तिथे इन्सुलिन बंद केले तर एक-दोन दिवसांतच जिवावर बेतू शकते. खूप तहान, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला फळासारखा वास आणि गुंगी, ही लक्षणे दिसली तर घरी थांबायचे नाही.

आणि किंमत. तीन महिन्यांचे चूर्ण ९,००० रुपयांचे, ‘पहिल्या शंभर जणांना’ ५,४०० रुपयांत. शंभरावा माणूस कधी येऊन गेला, हे कोणी मोजत नाही. घाई एवढ्याचसाठी असते की माणसाने घरी जाऊन कोणाला विचारू नये. मावशींच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मोफत मिळत होत्या.

कायदा काय म्हणतो

१९५४चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची यादी आहे आणि मधुमेह त्यात आहे. या आजारांवर औषध म्हणून उपचाराची जाहिरात सामान्य लोकांपुढे करायलाच मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे ‘मधुमेह बरा करतो’ हे वाक्य पत्रकावर दिसताच आपल्याला अर्धे उत्तर मिळालेले असते.

तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. फसव्या जाहिरातीबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. तक्रारीला पत्रक, डबा आणि पावती लागते. मावशींकडे डबा होता, पावती नव्हती, मागितलीही नव्हती. पत्रक आमच्याकडे होते म्हणून तक्रार करता आली. ती आम्ही विहाराच्या नावाने दिली आहे.

जयंती मंडळांकडे आमची एक मागणी आहे. मिरवणुकीत आरोग्य तपासणीचा मंडप लावायला परवानगी देताना तपासणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या, आणि तपासणीच्या मंडपात काहीही विकू देऊ नका. जो तपासतो तोच विकत असेल तर आकडा वर यावा अशीच त्याची इच्छा असणार.

मावशी आता पुन्हा गोळ्या घेतात, सोबत रात्री इन्सुलिन. रोज संध्याकाळी तळपाय आरशात पाहतात. ते निळे पत्रक विहाराच्या फलकावर लावले आहे. बाबासाहेबांचे चित्र आम्ही कापून वेगळे काढले आणि उरलेल्या कागदाच्या कडेने हे सहा प्रश्न लाल पेनाने लिहिले. पुढच्या वेळी कोणाच्या हातात असे पत्रक आले तर त्यांनी ते घेऊन रविवारी यावे. मावशी स्वतः वाचून दाखवणार आहेत.